दिवाळीच्या साफसफाईत गेलेला गेम

मी माझं गेमचं जुनं खातं कायमचं डिलीट केलं. दिवाळी तोंडावर आली होती, बायको माळा झाडत होती, मलाही हुरूप आला. खाती दोन, जुन्याचं नाव कॉलेजच्या वयातलं, चारचौघांत न सांगण्यासारखं. "खरंच डिलीट करायचं?" असं टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीननं तीनदा विचारलं. तीनदा हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या लाडक्या रेसच्या गेमवर कुलपाचं चित्र. तो जुन्याच खात्यावर घेतलेला. दोघींना भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला राजूरहून तिची ताई दिग्रसला आमच्याकडे येते आणि दोघी बहिणी त्यावर वर्षाचा हिशेब चुकता करतात. मागच्या वर्षी ताई जिंकली होती.

"परत विकत घेऊ, त्यात काय!" मी ऐटीत म्हणालो. नव्या खात्यावरून ऑनलाइन दुकानात शोधलं. गेमच नाही.

यवतमाळला माझा एक मित्र संगणक शिकवतो आणि जुने गेम जपतो. त्याला फोन लावला.

"त्यात खऱ्या कंपन्यांच्या गाड्या हायेत, खरी गाणी हायेत," तो म्हणाला. "ते वापराची परवानगी ठरावीक वर्षांची. मुदत संपली, गेम दुकानातून काढला. ज्यानं आधी घेतला, त्याले अजून डाऊनलोड करता येते. तुले बी आलं असतं. पण तू तं खातंच उडवलं!"

"मग जुनी सीडी?"

"सीडी निघालीच नाही राजा. नागपूर पालथं घातलं तरी भेटणार नाही."

"तुझा गेम पेनड्राइव्हवर दे."

"फाइल येईन. परवाना माह्या खात्याचा. तुह्याकडं उघडतच नाही. खेळाले माह्याकडंच या."

भाऊबीजेला आम्ही तिघं एसटीनं यवतमाळला. वाटेत ताईच्या डब्यातली शंकरपाळी मला कोणी विचारली नाही.

मित्राच्या कपाटात चिठ्ठ्या लावलेली मशीनं, रिमोट, वायरी, कागदी नियमपुस्तकं. "फाइल जपून भागत नाही," तो म्हणाला. "ती चालवणारं मशीन पायजे, आन् लोक कसे खेळत हे बी पायजे." म्हणून त्यानं समोर मोबाइल उभा करून शूटिंग सुरू केलं.

मग जे झालं ते जपण्यासारखंच होतं. ताई वळणावर अंगानंही वळत होती. बायको पलंगावर उभी. "काहून धक्का मारून राह्यली वं!" "तुले रस्ता दिसत नाही काय!" शेवटच्या फेरीत बायको गाडीच्या नाकाएवढ्या फरकानं जिंकली. दोघी गळ्यात पडून हसल्या. मी टाळ्या वाजवत उत्साहात मशीन बंद करायला पुढे सरसावलो.

"हात नका लावू!" बायको ओरडली. मग मित्राकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या कपाटात जागा असन तं ह्यायचे हात ठेवून घ्या. कुलूप लावून."

मोबाइल चालूच होता. तेही जपलं गेलं.