तोंडालाच हात असलेल्या बाईची तीन मिनिटं

रोवीना कोव्हालिकने अकरा वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. कुठल्या वळणावर कुठलं पोर चपला विसरून पळत येतं, हे तिला तोंडपाठ. मग एका जानेवारीत ती स्वतःच्या दारातल्या गोठलेल्या पायरीवरून घसरली आणि मान मोडली. खांदे थोडे हलतात, बोटं अजिबात नाही. ओहायो नदीच्या या काठावर लोक हळहळून म्हणतात, "बिचारी." तिच्या तोंडावर म्हणत नाहीत. एकदा पोस्टमन म्हणाला होता, तेव्हापासून तो पत्रं दारातच टाकून सटकतो.

तिची आई नऊ मैलांवरच्या वृद्धाश्रमात होती. आठवड्याभरात काय झालं ते आई विसरायची, पण रविवारी रोवीना येते हे विसरायची नाही. तिथे नेणारी एकच गाडी होती, काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, चाकाची खुर्ची आत घेणारी. आणि काउंटीचं वाहतूक मंडळ त्या गाडीची शनिवार-रविवारची फेरी बंद करायला निघालं होतं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला बैठक आणि त्यातच मतदान. बोलायचं असेल त्याला तीन मिनिटं.

बैठकीला स्वतः जायचा प्रश्नच नव्हता. गाडीची शेवटची फेरी पाचला सुटायची, मग परतायला काहीच नाही. म्हणून संगणकावरून. तो तिच्या आवाजावर चालायचा, आकडा सांगितला की त्या आकड्याचं बटण दाबलं जायचं.

मागच्या महिन्यात तिने तसं करून पाहिलं होतं. तिचं नाव पुकारलं, तिने संगणकाला सांगितलं, "आकडे दाखव." पडद्यावर दाबता येईल अशा प्रत्येक गोष्टीवर आकडा उमटला, फक्त आवाज सुरू करायच्या बटणावर नाही. माउस हलला नाही की बैठकीची खालची पट्टी आपोआप लपते, आणि लपलेल्या बटणाला आकडा कुठून मिळणार? ती पट्टी शोधेपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "बाई दिसत नाहीत. पुढे." दिसत नाहीत! रोवीनाने त्या रात्री जे शब्द उच्चारले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

या वेळी तिने पट्टी कायम दिसेल अशी सेटिंग करून ठेवली. आणि यादी केली. त्या गाडीने जाणाऱ्या एक्केचाळीस जणांनी तिला आपलं नाव वाचायला सांगितलं होतं, कोण, आणि रविवारी कुठे जातो. तीन दिवस ती एकेक ओळ बोलून लिहीत होती. "नवी ओळ. ते खोड. पुन्हा." अवघड आडनावं आली की अक्षरं एकेक करून सांगायची.

तिची देखभाल करणारी डेल्फीन चारला घरी जायची आणि झोपवायला नऊला यायची. जाताना तिने रोवीनाच्या कानावर हेडफोन चढवला आणि म्हणाली, मी थांबते, यादी मीच खाली सरकवते.

"आणि पुढच्या महिन्यात? त्याच्या पुढच्या?" रोवीना म्हणाली. "पोरांना जेवायला घाल जा."

"तुझा हट्ट ना, रो..."

"हट्टच. जा."

सातला अध्यक्षांनी तिचं नाव घेतलं. अध्यक्ष म्हणजे हॉलिस ट्रेव्हर्न, जमिनीचे व्यवहार करणारा, मोजून-मापून हसणारा माणूस. रोवीनाने बटण क्लिक करवलं, मग यादीची खिडकी पुढे आणायला सांगितली, मग म्हणाली, "झोप." संगणक झोपल्याशिवाय बोलायची सोय नाही. नाहीतर भाषणातला एखादा शब्द तो हुकूम समजतो आणि भलतंच काही उघडून बसतो. झोपला की "जागा हो" सोडून काही ऐकत नाही.

घड्याळ मात्र नाव घेतल्यापासूनच पळत होतं.

तिने वाचायला सुरुवात केली. कोण डायलिसिसला जातो, कोण नवऱ्याच्या थडग्यावर. नऊ नावांनंतर पान संपलं.

"जागा हो. खाली सरक. झोप."

पडद्यावर कुणीतरी फिसकन हसलं. मंडळातल्या एका गृहस्थांनी विचारलं, बाई, आम्हाला झोपायला सांगताय का?

"मशीनला सांगतेय," रोवीना म्हणाली. "तुम्ही जागे असाल असं धरून चालले होते."

दहावं नाव. अकरावं. अठराव्याला पुन्हा पान. "जागा हो. खाली सरक. झोप." ट्रेव्हर्नसाहेबांपुढे कागदांची चळत होती. तिला ते पान उलटताना दिसत होते, आरामात, बोटाला थुंकी लावून. एकोणिसावं नाव तोंडात होतं तेव्हा त्यांनी हात वर केला. वेळ संपला. आणि आवाज बंद.

तिच्या कानात आता फक्त त्यांचा आवाज. तिने संगणकाला जागं केलं आणि हात वर केल्याची खूण दाबवली. एका व्यक्तीला एकदाच, ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

त्यानंतर नाव पुकारलं गेलं एमेट डूलीचं. ऐंशी वर्षांचा म्हातारा, जुना गिरणीकामगार, गाडीत रोवीनाच्या मागे बसणारा. तो सभागृहातच होता, पुतणीला गळ घालून तिच्या गाडीतून आलेला. माइकजवळ काठी टेकवून म्हणाला, "माझी तीन मिनिटं मी कोव्हालिकच्या पोरीला देतो."

मंडळाच्या सभांत तशी रीतच आहे. आपला वेळ दुसऱ्याला देता येतो. ट्रेव्हर्न म्हणाले, संगणकावरच्या माणसाला देता येतो की नाही, ते बघावं लागेल.

"मे महिन्यात गोल्फ क्लबवाल्याला देऊ दिलात," एमेट म्हणाला. "तो तर फ्लोरिडात बसला होता, हाफ पँट घालून."

सभागृहात हशा पिकला. सचिवबाईंनी वही पाहून मान डोलावली. रोवीनाच्या पडद्यावर आवाज सुरू करायची विनंती आली. आकडा सांगून तिने ती मान्य केली आणि म्हणाली, "घड्याळ थांबवा, साहेब."

"बाई, नियम..."

"मघाशी मला तीन मिनिटं दिलीत, त्यातलं मिनिटभर मी बटणं दाबण्यात घालवलं. तुम्ही बोलताना पान उलटता, मधे पाणी पिता, नाक खाजवता. ते कुणी मोजत नाही, कारण तुमचे हात वेगळे आणि तोंड वेगळं. माझं सगळं एकाच तोंडात. मी खाली सरक म्हणते तेव्हा मी बोलत नाहीये, पान उलटतेय. माझ्या हातांचा वेळ माझ्या तोंडातून कापायचा नाही."

सचिवबाईंनी अध्यक्षांकडे न बघताच घड्याळ थांबवलं. मग ती "जागा हो" म्हणाली की थांबवायच्या, "झोप" म्हणाली की सुरू करायच्या. एकोणिसाव्या नावापासून एक्केचाळीसाव्यापर्यंत. कुणी हसलं नाही. यादी संपल्यावर तिने स्वतःचं नाव वाचलं, आईच्या खोलीच्या क्रमांकासकट.

मघाशी झोपेचा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी घसा साफ केला. म्हणाले, इतकं महत्त्वाचं होतं तर या एक्केचाळीस जणांपैकी इथे एकच कसा?

"कारण तुमची गाडी पाचला बंद होते," रोवीना म्हणाली, "आणि तुम्ही सभा साडेसहाला भरवता."

त्यावर त्यांनीच ठराव मांडला की पुढची सभा दुपारी एकला भरवावी आणि मतदान तेव्हा व्हावं. तीन विरुद्ध दोन, मंजूर. ट्रेव्हर्न यांचं मत विरुद्ध पडलं. मग मोजून-मापून हसत म्हणाले, अभिनंदन, बाई, तुम्ही छान बोललात.

"अभिनंदन कसलं? गाडी अजून तुमच्याच हातात आहे," ती म्हणाली, आणि बैठकीतून बाहेर पडली.

राग उतरला नव्हता, आणि तो उतरू द्यायचा तिचा विचारही नव्हता. गाडीचं आरक्षण चौदा दिवस आधी उघडतं आणि एका फेरीत खुर्च्या मावतात चार. तिने नवं पत्र उघडायला सांगितलं, एक्केचाळीस पत्ते घालायला लावले आणि खणखणीत आवाजात लिहवून घेऊ लागली:

"सभेच्या चौदा दिवस आधी, सकाळी आठपासून सगळ्यांनी सभेला यायला गाडी मागवा. नवी ओळ. ते म्हणतील जागा नाही. नवी ओळ. त्यांना ते लिहून द्यायला सांगा, मी ते सभेत वाचीन."