भूल चढेपर्यंत

"झालं का?"

हात धुऊन, ग्लोव्हज चढवून, टेबलाशी उभे राहिले की डॉक्टर जयवंतांचं हे सुरू व्हायचं. पेशंटच्या तोंडावर मास्क टेकतो न टेकतो तोच पहिलं "झालं का?" आणि दुसरं त्याच्या पाठोपाठ. मी त्यांच्या वसईच्या नर्सिंग होममध्ये थिएटर सिस्टर होते. देवाने मला पुष्कळ सहनशक्ती दिली असावी, पण त्यातली बरीचशी त्या दोन शब्दांवरच खर्च झाली.

भूल द्यायला डॉक्टर सुहासिनी यायच्या. राहायला विरारला, आणि सकाळी आगाशी, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी नायगाव अशी त्यांची स्कूटर पळायची. माणूस सोन्यासारखं, पण मला त्यांचाही वैताग यायचा, कारण त्या चिडायच्याच नाहीत. सर्जन डोक्यावर उभा राहून तबला वाजवतोय आणि ह्या आपल्या पोराला विचारतायत, "फुगा फुगवतोस का माझा?" लहान मुलं शिरेत सुई टोचू देत नाहीत, म्हणून त्यांना वासानेच झोपवायचं. मास्कला औषधाचा वास नको म्हणून त्या माझ्याकडून नाताळच्या केकचा व्हॅनिला इसेन्स मागून घ्यायच्या आणि दोन थेंब आतून चोळायच्या.

तेव्हा, म्हणजे दोन हजार एकच्या सुमाराला, आमच्याकडे वासाने भूल द्यायला हॅलोथेन होतं. डॉक्टर जयवंतांचं म्हणणं असं, की ते एवढं जोरदार औषध आहे, पाऊण टक्क्यात काम होतं, मग चढायला इतका वेळ का?

"सर, जोर वेगळा आणि वेग वेगळा," सुहासिनीबाई समजवायच्या. "पाऊण टक्का म्हणजे काय, तर तेवढं औषध फुप्फुसात टिकलं की चीर दिली तरी शंभरातले पन्नास जण हलत नाहीत. तो झाला जोर. आकडा लहान तितकं औषध कडक. पण वेग रक्तावर अवलंबून. हॅलोथेन रक्तात बरंच विरघळतं. कोऱ्या मडक्यात पाणी ओतलं की आधी मडकंच पितं ना, तसं. रक्ताची तहान भागेपर्यंत फुप्फुसातला दाब वाढत नाही, आणि तो वाढल्याशिवाय मेंदूत झोप येत नाही."

"मग न पिणारं मडकं आणा," असं म्हणून सर हसायचे. ऐकून घ्यायची सवयच नव्हती त्या माणसाला.

आणि एक दिवस त्यांनी ते खरंच आणलं.

जूचंद्रच्या धर्माची पाच वर्षांची मुलगी रोशनी हर्नियासाठी आली होती. धर्मा शेतकरी माणूस, पोर त्याच्या मानेला घट्ट चिकटलेली. थिएटरच्या दारात त्याने तिला सुहासिनीबाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "बाय, माजी पोर तुमच्या हाती देतंय. परत द्या म्हनजे झालं."

बाईंनी मशीन तपासलं. औषधाची वाफ करणाऱ्या पेटीवर हॅलोथेनचा लाल पट्टा, काचेतून दिसणारी पातळी बरोबर रेषेवर. इसेन्स चोळला, फुगा फुगवायला सांगितला, आणि पेटीची चकती हळूहळू चार टक्क्यांवर नेली. झोपवताना सुरुवातीला जास्तच लागतं, पण एवढ्यावर पोर गाढ झोपायला हवी. रोशनीचे डोळे मिटले खरे, पण मग ती हातपाय झाडायला लागली. मध्येच श्वास धरायची, मध्येच मान फिरवायची. जागीही नाही आणि झोपलीही नाही.

"झालं का?"

"नाही सर. हात लावू नका. मी सांगेन."

"डोळे तर मिटलेत!" सर म्हणाले, आणि गार स्पिरिटचा बोळा त्यांनी पोटावर फिरवला.

अर्धवट गुंगीतलं पोर फार नाजूक असतं. तो बोळा लागला आणि रोशनीचा गळा आतून आवळला गेला. छाती वर ओढली जात होती, पण वारा आत जात नव्हता. ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्राची टुकटुक खालच्या सुरात उतरू लागली. बाईंनी चकती बंद केली, नुसता ऑक्सिजन सोडला, दोन्ही हातांनी जबडा उचलून मास्क दाबला आणि मला म्हणाल्या, "क्लारा, पिशवी दाब. हळूहळू." पोरीचे ओठ निळे पडले होते. एका हाताने मास्कला जोडलेली पिशवी दाबत मी मेरीमातेचा धावा करत होते, आणि त्याच दमात सरांना शिव्याही घालत होते. मातेने कोणतं ऐकलं कुणास ठाऊक. पिशवी एकदम सैल झाली आणि छाती भरली. टुकटुक पुन्हा वर चढली.

बाईंनी पेटीचं झाकण उघडून वास घेतला, मग मला विचारलं, "ह्यात काय भरलंय?"

मी बघते तर सिंकखालच्या बादलीत पिवळ्या लेबलची रिकामी बाटली. सेव्होफ्लुरेन.

"मीच भरलं," सर म्हणाले. त्यांना लाजही वाटत नव्हती. "जुनं काढून टाकलं सकाळी. कंपनीचा माणूस म्हणाला, एकदम फास्ट. वेग वेगळा, तुम्हीच म्हणालात ना?"

त्या दिवशी मी सुहासिनीबाईंना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "हे रक्तात फारसं विरघळत नाही, म्हणून फास्ट. पण जोराला हलकं. हॅलोथेनला पाऊण टक्का लागतो तिथे ह्याला दोनाच्या वर, आणि मूल झोपवायला सुरुवातीला आठपर्यंत चढवायचं असतं. ही पेटी हॅलोथेनची. ते जास्त उडतं, हे कमी. मी चकतीवर चार लावले आणि बाहेर आले जेमतेम अडीच! हलकं औषध, तेही अपुरं, आणि वर मला पत्ता नाही. वासही माझ्याच इसेन्सने झाकला."

"बरं, आता चढवा पाच आणि संपवू."

"आता ही पोर उठेल आणि बापाकडे जाईल."

बाहेर येऊन त्यांनी धर्माला सगळं खरं सांगितलं. औषध चुकीचं भरलं गेलं, पोरीचा श्वास अडकला होता, आता बरी आहे, आज ऑपरेशन नाही. सर लालबुंद झाले. "उद्यापासून तुम्ही येऊ नका," म्हणाले. बाईंनी बॅग उचलली आणि स्कूटर सुरू केली. मला असा संताप आला की मी इसेन्सची बाटली सरांच्या टेबलावर आपटून आले.

काही आठवड्यांनी धर्मा परत आला. सरांनी नवा भूलतज्ज्ञ ठरवला होता. मोठा हसतमुख माणूस, सरांच्या होला हो करणारा. धर्माने त्याच्याकडे बघितलंही नाही. पोर खांद्यावरून उतरवली नाही.

"ती बाय कुठं हाय?"

"हे डॉक्टर तिच्यापेक्षा सीनियर आहेत," सर म्हणाले.

"असतील. पन जिनं त्या दिवशी तुमाला कापू दिलं नाय, तीच पायजे मला."

गावातले आणखी दोघं त्याच्याबरोबर आले होते, त्यांचीही ऑपरेशनं व्हायची होती. तेही उठून उभे राहिले. सरांनी बाईंना फोन केला. कसा केला ते मी दाराबाहेरून ऐकलं, आणि ऐकून माझं जेवण छान पचलं.

बाईंची एकच अट होती, सेव्होची स्वतःची, पिवळ्या पट्ट्याची पेटी. ती आल्यावरच त्या आल्या. व्हॅनिला चोळला, फुगा फुगवायला सांगितला. रोशनीने काही श्वास घेतले, थोडी चुळबुळली आणि गपकन झोपली. हातापायांची झाडाझाड नाही, गळ्याची तक्रार नाही. बाईंनी शिरेत सुई लावली, श्वास तपासला, आणि मान वर करून बघितलं.

सर्जन अजून बाहेर सिंकपाशीच. कोपरापर्यंत साबण.

सुहासिनीबाई काही बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तेवढा वैताग त्यांना उभ्या जन्मात जमला नाही. म्हणून मीच दारातून डोकं बाहेर काढलं.

"झालं का, सर?"