काटा बंद होता त्या दुपारी

एकेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मी सगळं ओळीने लावून टाकलं. तपासण्या, गोळ्या, सुट्टीचा अर्ज, थोरलीच्या क्लासच्या वेळा. बाळाचं हलणं तेवढं माझ्या हातात नव्हतं.

थोरलीच्या वेळी पाचव्यात मासोळीने शेपटी मारावी तसं झालं होतं. दुसऱ्या खेपेला त्याहून लवकर कळतं, असं सगळ्या सांगत होत्या. आता पाचवा सरत आला, तरी पोट गप्प. सासूबाईंचा बोनकोड्याहून रोज फोन.

"हाललं का गो?"

"नाही अजून."

"तू बसतेस कवा? धावत्या बाईला काय कलनार?"

मी फोन ठेवून पुन्हा कामाला लागायचे. बसलं की नको ते मनात येई.

शेवटी कामोठ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी यंत्र लावून ठोके ऐकवले, मग सोनोग्राफीचा कागद पाहिला.

"वार, म्हणजे प्लासेंटा, पुढच्या बाजूला आहे. बाळ आणि तुमच्या पोटाच्या मध्ये गादी घातल्यासारखी. म्हणून उशिरा कळतंय. बेंबीपाशी शोधू नका. खाली, कडेला लक्ष द्या. चोवीस आठवडे झाले आणि तरी काही जाणवलं नाही, तर वाट न बघता या."

ठोक्यांचा धीर रिक्षात बसेपर्यंत टिकला. ते मघाचे ठोके होते. आत्ताचं काय?

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्याशेजारच्या ऑफिसात काम करते. ट्रेलर काट्यावर चढला की फरशी, टेबल, खुर्ची, कपातला चहा, सगळं थरथरतं. इतक्या वर्षांत त्याकडे लक्षही जात नाही. गेले काही दिवस दुपारी बसल्या जागी ओटीपोटात डावीकडे बारीक थरथर व्हायची. गाडी आली, असं समजून मी पावतीबुक पुढे ओढायचे. गाडी कधी असायची, कधी नसायची. नसली तर मागच्या रस्त्यावरून गेली असेल.

त्या दिवशी डबा खाऊन पाठ टेकली होती. पुन्हा तीच थरथर. डोळ्याची पापणी लवते ना, तशी. मी खिडकीतून काटेवाल्या मामांना विचारलं, "मामा, कोणाची गाडी?"

"कसली गाडी, मॅडम? काटा बारापासून बंद हाय. गेटला कुलूप हाय. डोला लागला काय तुमचा?"

मी हात डावीकडे, अगदी खाली ठेवला. काही नाही. टेबलावरचा फोन वाजून वाजून थांबला. मी उठले नाही. बाहेर एकही इंजिन चालू नव्हतं. मग आतून एक हलका ठोसा आला, थोडं थांबून दुसरा.

सासूबाईंना मीच फोन लावला.

"हललं."

"आज?"

"आठवडाभर हलत असावं. मला गाड्या वाटल्या."

त्या हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता काय करतेस?"

"बसलेय," मी म्हटलं. हात तिथेच होता.