आईचं बोलणं

सोलापुरात मी घरी बसून पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. गेल्या वर्षी एका दुपारी सांगोल्याकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या. आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरून निवृत्त झालेल्या. मेंढरं राखून चार लेकरं वाढवणाऱ्या आपल्या आईवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. नवी पेठेतल्या प्रकाशकांनी ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलं आणि फाइल त्यांना परत पाठवली होती.

पिशवीतून लॅपटॉप काढत त्या म्हणाल्या, "हे वाचा. ही माझी आई न्हाय."

मी वाचलं. 'पाणी नाही, तर मेंढ्या कुठे न्यायच्या?' वाक्य अगदी शुद्ध होतं.

"आई म्हनायची, पानी न्हाय, तर मेंढरं कुटं न्यायची? त्यांनी आईची सगळी बोली अशी धुवून काढली. आनि कुटं कुटं हात लावलाय ते कळतबी न्हाय. पुस्तक परत मागून घ्यावं म्हनते."

तपासणाऱ्याने बदलांची नोंद ठेवणारं ट्रॅक चेंजेस सुरूच केलं नव्हतं. त्यामुळे जुना शब्द गेला आणि नवा बसला, खूण काही राहिली नाही. मी विचारलं, "मावशी, तुम्ही आधी पाठवलेली फाइल आहे का तुमच्याकडे?"

"हाय की. पोटच्या पोरागत जपलीय."

मग काम सोपं होतं. वर्डमध्ये रिव्ह्यूत जाऊन दोन फाइली ताडून दाखवणारं कम्पेअर घेतलं, मूळ म्हणून त्यांची फाइल दिली, बदललेली म्हणून प्रकाशकांची. क्षणात तिसरी फाइल उघडली आणि पानन् पान लाल झालं. गेलेल्या शब्दांवर आडवी रेघ, नव्यांखाली रेघ. मावशी एकेक पान खाली सरकवत गेल्या.

"एवढं?" एवढंच म्हणाल्या.

मी प्रकाशकांना फोन लावला. ते वैतागले. "अहो, छपाई खोळंबलीय. एकदम सगळं अ‍ॅक्सेप्ट करून टाका ना!"

फोन स्पीकरवर होता. मावशी पुढे झुकून म्हणाल्या, "एकदम कायबी हुनार न्हाय, साहेब. मी एकेक बघनार."

आणि त्या खरंच दुसऱ्या दिवसापासून यायला लागल्या, सांगोल्याच्या एसटीने. एका बदलावर कर्सर ठेवून रिजेक्ट दाबलं की रेघ मारलेला शब्द पुन्हा उभा राहतो, हे मी दाखवलं. पहिल्याच ठिकाणी त्यांनी बटण दाबलं, तर ओळीत 'कुटं कुठे' असे दोन्ही शब्द आले. त्या घाबरल्या.

"बिघडलं व्हय?"

"नाही मावशी. जुना काढणं हा एक बदल, नवा घालणं हा दुसरा. तुम्ही पहिलाच नाकारलात. आता दुसराही नाकारा. नाहीतर दोन्ही शब्द एकत्र निवडून एकदाच दाबा."

त्यानंतर त्यांनी मला माउसला हात लावू दिला नाही. 'दूष्काळ'चा 'दुष्काळ' केला होता, तो स्वीकारला. एक वाक्य चुकून दोनदा टाइप झालं होतं, ते उडवलेलं बघून हसल्या. निवेदनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या निमूट घेतल्या. पण आई बोलायला लागली की त्यांचं बोट रिजेक्टवर जायचं. लेकरांना हाक मारणारी आई, बकरीला शिव्या देणारी आई, टँकरपुढे भांडणारी आई. प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणायच्या, मग दाबायच्या.

शेवटच्या प्रकरणात अडलं. आई गेल्यानंतरचं निवेदन होतं, सरळ प्रमाण भाषेतलं. त्यात मधेच एक वाक्य होतं, 'घर रिकामं हाय.' तिथे 'आहे' केलेलं. मी म्हटलं, "ही दुरुस्ती मात्र घ्या. इथे आई बोलत नाही, तुम्ही लिहिताय. वाचणाऱ्याला नजरचूक वाटेल."

त्यांनी पडद्यावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. "तवा मी लिहीत नव्हते, बाई. दारात उभी ऱ्हाऊन बोलले होते. तशीच."

माझं मत मला पटलेलं होतं, पण निर्णय माझा नव्हता. त्यांनी दोन्ही शब्द निवडले आणि रिजेक्ट दाबलं. मग मी त्या जागी प्रकाशकांसाठी कॉमेंट टाकली: लेखिकेने विचारपूर्वक ठेवले आहे, बदलू नये.

सगळं संपल्यावर बदलाची एकही खूण उरली नाही ना, ते तपासून आम्ही फाइल पाठवली. प्रकाशकांनी वाचून फोन केला. आवाज निवळलेला होता. "बाईंना सांगा, ते टँकरचं भांडण मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि तुमची कॉमेंट काढून फाइल जशीच्या तशी मांडणीला दिलीय."

मी फोनवर निरोप कळवला, तेव्हा मावशी शेरडांना चारा टाकत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "पन छापायच्या आधी मला परत दाखवायचं म्हनावं."