नट्स नाहीत म्हणून

आमच्या मुलीला तीन वर्षांची असताना चिक्कीच्या एका तुकड्यानं अंगभर गांधी उठल्या. तपासणीनंतर डॉक्टरांनी शेंगदाणा कायमचा बंद केला. शाळेत, सोसायटीत आम्ही सगळ्यांना एकच सांगत सुटलो, ‘तिला नट्सची ॲलर्जी आहे.’ तिलाही तेच पढवलं : कुणी काही दिलं की आधी विचारायचं, यात नट्स आहेत का?

मुलुंडला आमच्या शेजारी एक काकू राहत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा सुटल्यावर मुलगी तासभर त्यांच्याकडे असे. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. बेल वाजली. दारात काकू, चेहरा पांढराफटक.

“ही कशीतरीच करतेय रे, लवकर चल.”

मुलगी सोफ्यावर बसली होती. ओठ सुजलेले. खोकत होती, आणि दोन खोकल्यांमध्ये छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. समोर काकडीच्या कोशिंबिरीची वाटी, अर्धी संपलेली.

“यात दाण्याचं कूट आहे?”

“आहे ना. पण तिनं नट्स विचारलं रे! मी म्हटलं, नाहीत. शेंगदाणा नट नसतोच, ती शेंग आहे, तूर-मुगाच्या कुळातली...” बोलता बोलता त्या थांबल्या.

तिला उचलून मी तळमजल्यावरच्या दवाखान्यात पळालो. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक नजर टाकली आणि मांडीत ॲड्रिनलिन टोचलं. काही मिनिटांत शिट्टी कमी झाली. तरी त्यांनी ताबडतोब हॉस्पिटलला पाठवलं. “आता बरी दिसेल. काही तासांनी पुन्हा उलटू शकतं.”

ते तास मी तिच्या छातीकडे बघत काढले. दर खोकल्याला वाटे, उलटलं.

संध्याकाळी आमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांना मी काकूंचं म्हणणं सांगितलं. “बरोबरच आहे त्यांचं,” ते म्हणाले. “पण शरीर कूळ विचारत नाही, त्या दाण्यातली प्रथिनं ओळखतं. हिला डाळी चालतात, त्या बंद करू नका. काजू-बदामाची ॲलर्जी मात्र अशा मुलांना वेगळी असू शकते, पुढेही होऊ शकते. ते तपासत राहू.”

“आणि चुकून पुन्हा दाणा पोटात गेला तर?”

“याहून सौम्य असेल की वाईट, हे कुणीच सांगू शकत नाही.”

काकूंनी त्यानंतर घरातले दाणे काढून टाकले, पण मुलीला पुन्हा कधी आपल्या हातानं काही भरवलं नाही. मुलगी आता ‘शेंगदाणा’ म्हणूनच विचारते, कूट विचारते, तेल विचारते. नाही म्हटलं तरी घास हातात धरून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते. सात वर्षांची आहे. परवा माझ्याकडेही तशीच बघत होती.