पांढरी रेघ

अकोल्याच्या त्या दवाखान्याच्या तळघरात मी पायऱ्यांवर उभी होते आणि खाली घोट्याएवढं पाणी निवांत पसरलं होतं. वरच्या झरोक्यातला उजेड त्यावर हलत होता. इतकं सुंदर दिसत होतं, की ते माझ्या चुकीचं पाणी आहे हे क्षणभर विसरायला झालं.

काम कसं करायचं हे ठेकेदाराला सांगणारं विनिर्देशपत्र अभियंता म्हणून मीच लिहिलं होतं. त्यात वाक्य होतं : ‘तळघराचे जलरोधन उत्तम प्रतीचे व समाधानकारक करावे.’ शेजारी उभ्या ठेकेदारकाकांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“म्याडम, मी तं समाधानी हावो. तुमचं समाधान किती इंचाचं असते, ते कुठी लिवलं हाये?”

राग आला; वाक्य पुन्हा वाचलं, तर त्यात इंच कुठंच नव्हता. अमरावतीला परतताना बसच्या खिडकीतून काळी रानं सरकत होती. ही माती पाणी धरून ठेवते आणि भिंतीला कुठं फट आहे ते बरोबर शोधते. माझ्या वाक्यांतल्या फटीही तिनं शोधल्या होत्या.

पुढचं तळघर अमरावतीत होतं, ठेकेदार तेच. या वेळी प्रत्येक कलम लिहिताना मी स्वतःला विचारत गेले : कोण मोजणार, कशानं, केव्हा, आणि कमी भरलं तर काय? भिंतीला बाहेरून चिकटवायच्या डांबरी शीटच्या जोडाचं कलम असं झालं : ‘खालच्या शीटवर कडेपासून १०० मिलिमीटरवर खडूची रेघ मारावी. वरच्या शीटने ती रेघ पूर्ण झाकलीच पाहिजे. रेघ उघडी दिसल्यास त्या जोडावर २०० मिलिमीटर रुंद पट्टी ठेकेदाराने स्वखर्चाने चिकटवावी. अभियंत्याच्या सहीशिवाय बाहेरून माती भरू नये.’

पाहणीच्या सकाळी तळघराभोवती खणलेल्या खड्ड्यात धुकं उतरलं होतं. काळी भिंत आणि तिच्यावरून चालणारी माझी बोटं, एवढंच जग उरलं होतं. तिसऱ्या जोडापाशी थांबले. अंधुक, पांढरी, हातभर लांब रेघ.

“काका, दिसते.”

ते वाकले. डोळे बारीक करून त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

“दिसून राहिली खरी,” ते म्हणाले. “वाद घालाले जागाच नाई ठेवली तुमी.” मग वर तोंड करून हाक दिली, “पट्टी आना रे!”

आचेवर तापवून पट्टी बसवली. जोड थंड झाल्यावर त्यांनी स्वतः गवंड्याच्या करणीचं बोथट टोक कडेनं फिरवलं. कुठंच आत शिरलं नाही. मी सही केली, आणि बाहेरून माती भरली गेली.

भर पावसाळ्यात भिंतीबाहेरचं पाणी उपसणारे पंप बंद केले आणि चौदा दिवस रोज तळघरात उतरले. बाहेर पाणी भिंतीला टेकून उभं असणार. आत भिंतीवर तळवा ठेवला, की कोरडा गारवा लागायचा. चौदाव्या दिवशी काका आले, माझ्याशेजारी त्यांनीही तळवा टेकवला, आणि मग तो उलटा करून मला दाखवला : कोरडा.