डब्यावर महिपती

वडखळकडून आलेली रोह्याची एसटी गडबच्या थांब्यावर थांबली तेव्हा चंद्रावतीने आधी सासूला वर चढवलं, मग कापडी पिशवी छातीशी धरून स्वतः चढली. पिशवीत डबा होता. डबा पदराखाली झाकायचं काही कारण नव्हतं, आत चोरीचा माल नव्हता, पण तिने तो झाकला. शेजारी बसलेल्या गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं, हे चंद्रावतीला पक्कं ठाऊक होतं. तरीही डब्याची सोनेरी अक्षरं सासूच्या नजरेला पडू नयेत असंच तिला वाटत होतं. भीती माणसाला असलं काहीतरी करायला लावते.

"काय गो, एवढी घामेजलीस कशान्?" गिरजाबाईंनी विचारलं.

"उकडतंय आई."

भाद्रपद सरत आला होता, खिडकी सताड उघडी होती, आणि वारा असा येत होता की पुढच्या बाईचं पातळ फडफडत होतं. गिरजाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा गप्प बसण्यातला हात भलताच तयार होता, आणि सून त्यालाच जास्त भ्यायची.

गोष्ट अशी होती. या घरचा चहाचा मसाला हायवेवर एकेकाळी फार चालायचा. गडबला रस्त्याकडेला सासऱ्यांची टपरी होती. चहा ते करायचे, मसाला गिरजाबाई घरी कुटून द्यायच्या. सुंठ, वेलची, मिरी, दालचिनी आणि जायफळ, तेही किती घालायचं हे बाईंच्या बोटांनाच ठाऊक. गोव्याकडे जाणारे ट्रकवाले मुद्दाम गाडी थांबवायचे. टपरीला पाटी कधी लागलीच नाही. मग सासरे गेले, पुढे रस्ता रुंद झाला, टपरीही गेली. मसाला तेवढा उरला. चंद्रावतीने गावातल्या बायकांचा गट केला, कांडपाची गिरणी घेतली, परवाना काढला. माल उत्तम. पण तो जायचा वाशीच्या एका व्यापाऱ्याकडे, आणि तो त्याला चकचकीत पाकिटात घालून वर इंग्रजी नाव लावायचा. मुंबईच्या एका लग्नात कुणीतरी चंद्रावतीला तेच पाकीट दाखवून म्हणालं होतं, "हा मसाला चहात घालून बघा, बाहेरचा आहे." बाहेरचा! तिच्याच गिरणीत कुटलेला. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, आपल्या मालावर आपलं नाव.

आणि आता संधी आली होती. रोह्याजवळच्या एका कारखान्याला दिवाळीत आपल्या विक्रेत्यांना भेट म्हणून मसाला घातलेल्या चहाचे डबे द्यायचे होते. खरेदी पाहणाऱ्या प्रधान मॅडमनी नमुना चाखला, आवडला, पण अट घातली. "डबा हातात घेतल्यावर भारी वाटला पाहिजे. आणि नाव आपलं हवं, उसनं नको. परदेशी वाटलं तर मी मुंबईचाच माल घेईन, तो तरी खरा परदेशी वाटतो."

हे सांगायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं.

पेणला रघूचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि गणपतीच्या कारखान्यांची कार्डं छापण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याने पहिल्याच दमात "रॉयल" सुचवलं. चंद्रावतीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग तो "शाही" म्हणाला. रघूचा भाचा ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधत बसला होता. चहा-मसाल्याच्या वर्गात शाही इतक्या जणांनी आधीच घेऊन ठेवलं होतं की मोजायचा कंटाळा यावा. "रायगड" म्हटलं तर भाचा म्हणाला, जिल्ह्याचं नाव कुणाला एकट्याला सहज मिळत नाही. "कडक", "खास मसाला" म्हटलं तर तो म्हणाला, ही नावं नव्हेत, हे मालाचं वर्णन झालं, तेही कोणी तुमच्या एकट्याच्या नावावर करून देणार नाही. चंद्रावतीने "सुगंधी" काढलं. रघू म्हणाला, "ताई, उदबत्ती वाटते." ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

शेवटी कंटाळून रघूने पत्त्यासाठी दिलेल्या, तिच्या नवऱ्याच्या नावच्या कागदाची झेरॉक्स उचलली. मागच्या बाजूला छापायचा परवाना क्रमांक, वजन, पत्ता, सगळं त्याला जुळवायचं होतं. तो वाचता वाचता थांबला.

"कान्हू महिपती पाटील. ताई, महिपती! अहो, घरात नाव पडलंय आणि आपण गावभर हिंडतोय!"

चंद्रावतीचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला. रघूने संगणकावर अक्षरं मांडली. विटकरी रंग, त्यावर सोनेरी, चार अक्षरं, बाजूला काही नाही. वजनदार होतं, जुनं होतं, कुणाकडून मागून आणलेलं नव्हतं. भाच्याने शोधलं, चहाच्या वर्गात ते कुणाचंही नव्हतं. "बोला, हेच ना?" रघूने विचारलं. तिने मान हलवली.

मान हलवली, तोंडाने नाव घेतलं नाही. हे तिच्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, हे तिच्या हाडात इतकं मुरलं होतं की न घेणंही तिला जाणवायचं नाही. गटातल्या निम्म्या बायका त्याच भावकीत दिलेल्या. त्याही "आपला तो डबा" असंच म्हणत होत्या. आणि गिरजाबाई? सरकारी कचेरीत नवऱ्याचं नाव विचारलं की त्या शेजारणीला कोपराने ढोसायच्या, "तू सांग गो." नवरा गेल्यावरही ते ढोसणं सुटलं नव्हतं.

अशा बाईला न विचारता तिच्या नवऱ्याचं नाव डब्यावर छापलं होतं. रोज सकाळी चंद्रावती ठरवायची, आज सांगू, आणि रोज काहीतरी काम निघायचं. त्यात काल मॅडमचा फोन आला. "मसाला ज्यांचा आहे त्या आजींनाही घेऊन या. दिवाळीच्या कार्यक्रमात आपण त्यांनाच उभं करू." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

नागोठणं मागे पडलं. आता सांगावं, असं तिला वाटलं. पण सासू काय म्हणेल हेही तिला ऐकू येत होतं. डबा रिकामा झाला की लोक त्यात खिळे भरतील, उकिरड्यावर टाकतील, पाय पडेल. गाडी निडीच्या फाट्याला थांबली, सुटली, आणि ती तशीच गप्प राहिली. आपण भित्र्या आहोत, असं तिने मनात स्वतःला स्वच्छ सांगितलं. त्याने काही फरक पडला नाही.

कारखान्याच्या कचेरीत गार वारा सोडला होता. टेबलावर आधीच एक डबा होता, काळा, चकचकीत, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं. मुंबईचा. प्रधान मॅडम चाळिशीच्या, चष्मेवाल्या, बोलायला सरळ.

"आणलंत? काय नाव ठरवलंत?"

चंद्रावतीने तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. सासू शेजारी बसली होती, पण नसती तरी नाव आलं नसतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने घाईने पिशवीतून डबा काढून पुढे सरकवला.

मॅडमनी तो उचलला, वजन जोखलं, बोट अक्षरांवरून फिरवलं. आणि मोठ्याने वाचलं, "महिपती."

गिरजाबाईंनी पदर पुढे ओढला. चंद्रावतीने त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "एकदम आपलं आणि तरी भारी. आजी, कार्यक्रमात तुम्ही उभं राहून एवढंच म्हणायचं, हा आमचा महिपती चहा. एकदा म्हणून दाखवा बघू."

गिरजाबाईंनी मान खाली घातली. मॅडमनी चंद्रावतीकडे पाहिलं. "मग तुम्ही म्हणा."

तिलाही येईना. मॅडमच्या कपाळावर आठी पडली, त्यांची नजर काळ्या डब्याकडे गेली. "अहो, बनवणाऱ्यांनाच नाव घेता येत नसेल तर मी लोकांना काय सांगू?"

आता मात्र चंद्रावतीचा बांध फुटला. "मॅडम, ते आमच्या सासऱ्यांचं नाव हाय. टपरी त्यांची होती. मी आईंना न विचारता छापलं, अजूनपर्यंत सांगितलं नाय. चूक माझी. नमुनाच हाय हा, नाव बदलते, दुसरं आणते." बोलता बोलता तिला उमगलं की दुसरं नाव तिच्याकडे नाही, दिवाळीपर्यंत येणारही नाही. पुन्हा तो वाशीचा व्यापारी, पुन्हा त्याचं पाकीट. तिचे डोळे भरून आले. तिने डबा परत घ्यायला हात पुढे केला.

गिरजाबाईंनी तिचा हात धरला. चांगला घट्ट.

"थांब गो." मग त्या मॅडमकडे वळल्या. "बाय, मी नाव नाय घेनार. जल्मात घेतलं नाय, आता घेऊन काय करू? सूनबी घेनार नाय. पोरगा 'आबा' म्हनायचा. ते गेले तवापासून आमच्या घरात त्यांचं नाव कोनीच घेतलं नाय. म्हंजे कोनाला घेताच येत नाय." त्या थांबल्या. "नाव राहू दे. चाय आमी बनवू. नाव तुमी घ्या."

मॅडमनी एकदा गिरजाबाईंकडे, एकदा डब्यावरच्या नावाकडे पाहिलं. मग त्यांनी काळा डबा उचलून मागच्या कपाटात ठेवला. "कार्यक्रमात नाव मी घेईन," त्या म्हणाल्या. "आजींनी नुसतं शेजारी उभं राहायचं. चालेल?"

चंद्रावतीने मान हलवली. तिला वाटलं झालं, आता उठायला हवं. ती उठलीही. पण गिरजाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. त्यांनी डबा दोन्ही हातांनी मॅडमच्या पुढे सरकवला, सोनेरी अक्षरं वाचायला समोर येतील असा.

"बाय," त्या म्हणाल्या, "परत एकदा वाच गो ते."